दोन नकार, तरी होकार नाही: कच्चानगोत्त सुत्तातलं 'नत्थिता न होति'

प्रश्न: दापोडीला आमचा छोटा ग्रुप आहे, दर रविवारी एक सुत्त मराठीत आणायचा प्रयत्न करतो. सध्या कच्चानगोत्त सुत्त चालू आहे आणि 'या लोके नत्थिता सा न होति' इथे गाडी अडकलीय. दोन नकार म्हणजे होकार, मग 'जगाचं अस्तित्व असतं' असं लिहिलं तर चालेल का? आणि एकूणच पालीत ते अ-, अन्-, न असं सगळं एकात एक गुंतलेलं असतं, अर्थ उलटा होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

उत्तर:

नाही, तसं नका लिहू. आणि वाईटही वाटून घेऊ नका, कारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी स्वतः हेच वाक्य 'जगाचं अस्तित्व असतं' असं लिहून त्याच्या साठ झेरॉक्स काढल्या होत्या. क्लासमध्ये वाटल्या, वाचायला सुरुवात केली, आणि मागच्या बाकावर बसणारे एक रिटायर्ड पोस्टमास्तर काका कागद डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले, "मॅडम, या ओळीत जग आहे म्हणता, पुढच्या ओळीत जग नाही म्हणता, आणि खाली बुद्ध म्हणतात 'आहे' हे एक टोक, 'नाही' हे दुसरं टोक, दोन्हींकडे जाऊ नका. मग वरच्या दोन ओळी कोण बोललं?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन परत मूळ वाचलं तेव्हा कळलं की चूक माझ्या पालीत नव्हती, शाळेतल्या गणितात होती. वजा गुणिले वजा बरोबर अधिक, हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की भाषेतही आपण तेच करायला जातो.

आधी आपल्या तोंडपाठ असलेलं एक उदाहरण घेऊ. पंचशीलातलं दुसरं शील, 'अदिन्नादाना वेरमणी'. दिन्न म्हणजे दिलेलं, अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं, आणि वेरमणी म्हणजे त्यापासून अलिप्त राहणं, म्हणजे नकाराच्याच अर्थाचा शब्द. आता इथे दोन नकार आहेत म्हणून ते एकमेकांत कापून टाका बरं. उरतं काय, तर 'दिलेलं घेईन अशी शपथ घेतो'! असं शील घेणारा माणूस लग्नाच्या आहेराच्या टेबलापाशी बसलेला असेल. हसू येतं, कारण आपल्याला अर्थ आधीच माहीत आहे. जिथे अर्थ आधी माहीत नसतो तिथे हीच चूक आपण गंभीर चेहऱ्यानं करतो.

कापाकापी का होत नाही, तर दोन नकार एका जागी बसलेले नसतात. एक शब्दाच्या आत बसतो आणि शब्दातून एक नवीनच वस्तू तयार करतो, 'न दिलेलं'. दुसरा वाक्याच्या क्रियेवर बसतो आणि सांगतो की त्या वस्तूच्या बाबतीत अमुक गोष्ट घडत नाही. संस्कृत व्याकरण केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पहिल्याला पर्युदास म्हणतात, दुसऱ्याला प्रसज्यप्रतिषेध. नावं लक्षात नाही राहिली तरी हरकत नाही. मराठीत 'तो खोटं बोलत नाही' आणि 'तो खरं बोलतो' ही दोन वाक्यं एक नाहीत, कारण एक तिसरा माणूस असतो जो गप्प बसतो. (आणि पुण्यात तर 'वाईट नाही' हा एक स्वतंत्रच शेरा आहे, तो 'चांगलं'च्या खालचा की वरचा हे बोलणाऱ्याच्या भुवया बघून ठरवावं लागतं.) पाली सुत्तांमधला बराचसा महत्त्वाचा आशय त्या गप्प बसणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या जागेत राहतो, आणि आपण नकार कापले की ती जागाच बुजते.

आता तुमचं वाक्य. संयुत्तनिकाय, निदानवग्ग, १२.१५. कच्चानगोत्त विचारतो की सम्यक दृष्टी, सम्यक दृष्टी म्हणतात ती नेमकी कशानं होते, आणि बुद्ध सुरुवातच अशी करतात की हे जग बहुतेक करून दोन गोष्टींच्या आधारानं चालतं, 'अत्थितञ्चेव नत्थितञ्च'. म्हणजे अत्थिता आणि नत्थिता हे दोन शब्द इथेच, पहिल्या वाक्यात, जोडी म्हणून मांडले जातात. मग पुढे ही दोन वाक्यं:

'लोकसमुदयं खो, कच्चान, यथाभूतं सम्मप्पञ्ञाय पस्सतो या लोके नत्थिता सा न होति। लोकनिरोधं खो, कच्चान, यथाभूतं सम्मप्पञ्ञाय पस्सतो या लोके अत्थिता सा न होति।'

नत्थिता फोडून बघा. न + अत्थि मिळून नत्थि, म्हणजे 'नाही'. त्याला -ता लागला, जसा मराठीत -पण लागतो, मोठेपण, एकटेपण, तसं 'नाहीपण'. हे एक नाम आहे, एक पक्की गोष्ट. न आणि अत्थि यांना आता परत सुटं करता येत नाही, ते दोघं -ताच्या पिशवीत गाठ मारून बंद झालेत. बाहेरचा 'न' लागलाय 'होति'ला, नत्थिताला नाही. तर वाक्य म्हणतं, ते जे नाहीपण, ते होत नाही. बस. 'आहेपण असतं' असं ते कुठेच म्हणत नाही.

आणि एक शब्द आहे तो तर आपण सगळेच खाऊन टाकतो, 'पस्सतो'. पाहणाऱ्याला, पाहणाऱ्यासाठी. हा शब्द गेला की वाक्य जगाबद्दल बोलायला लागतं, जग आहे का नाही वगैरे. हा शब्द राहिला की वाक्य पाहणाऱ्या माणसाबद्दल बोलतं: ज्याला समुदय, म्हणजे गोष्टी कारणांमधून उपजताना दिसतायत, त्याला 'काहीच नाहीये' असं म्हणत बसता येत नाही, आणि ज्याला निरोध, म्हणजे त्याच गोष्टी कारणं संपल्यावर थांबताना दिसतायत, त्याला 'हे असंच कायम आहे' म्हणता येत नाही. आता बघा समुदयाच्या बरोबर नत्थिता का आणि निरोधाच्या बरोबर अत्थिता का, ते आपोआप लागतं. मी पहिल्यांदा शिकवताना मला वाटायचं की ही जोडी उलटी छापली गेलीय की काय.

नकार कापून काय होतं ते पुढे नेऊन बघू, कारण माझी सगळ्यात भरवशाची परीक्षा हीच आहे. पहिलं वाक्य झालं 'समुदय पाहणाऱ्याला अस्तित्व असतं'. दुसऱ्या वाक्यात कापायला काही नाही, ते राहतं 'निरोध पाहणाऱ्याला अस्तित्व नसतं'. म्हणजे एकाच प्रकारची दोन वाक्यं, 'न होति'नं संपणारी, पण एकात तुम्ही नकार कापला आणि दुसऱ्यात ठेवला. मूळ मजकूर एका साच्यातला असताना भाषांतर दोन साच्यांत गेलं की समजायचं काहीतरी घसरलंय. आणि खाली येतं 'सब्बं अत्थीति खो, कच्चान, अयमेको अन्तो। सब्बं नत्थीति अयं दुतियो अन्तो।' म्हणजे ज्या दोन टोकांपासून बुद्ध लांब राहतात तीच दोन टोकं तुम्ही वर त्यांच्याच तोंडी घातलीत. पोस्टमास्तर काकांना पालीचा एक शब्द येत नव्हता तेव्हा, पण त्यांनी पकडलं ते हेच.

बाहेरचा पुरावा हवा असेल तर दोन आहेत. एक, अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची पाली टीका. संयुत्तनिकायाच्या सारत्थप्पकासिनी या अट्ठकथेत अत्थिता म्हणजे सस्सत आणि नत्थिता म्हणजे उच्छेद असा अर्थ दिलाय, म्हणजे शाश्वत मानणारी दृष्टी आणि सगळं तुटून संपतं मानणारी दृष्टी. तर 'नत्थिता न होति' म्हणजे उच्छेददृष्टी उपजत नाही. दृष्टी गेली म्हणून उलटी दृष्टी आली असं नाही. दुसरा पुरावा महायान परंपरेतल्या नागार्जुनाचा, मूलमध्यमककारिकेच्या पंधराव्या प्रकरणात तो याच उपदेशाचं नाव घेऊन म्हणतो की कात्यायनाववादात भगवंतांनी 'अस्तीति नास्तीति चोभयम्' निषेधलंय. उभयम्, दोन्ही. परंपरा वेगळी, भाषा संस्कृत, पण या वाक्यातले नकार त्यानंही कापलेले नाहीत.

आता मराठीत आणायचं कसं, कारण खरी गोची तिथे आहे. 'नास्तिता राहत नाही' असं लिहिलं तर शब्दशः बरोबर, पण आपल्या वाचकाच्या कानाला 'नास्तिक' ऐकू येतो, आणि नास्तिक म्हणजे देव न मानणारा, मग लोक म्हणतात बुद्ध नास्तिकतेच्या विरोधात होते का हो? भलतीकडेच चर्चा जाते. 'अभाव' लिहिलं तर टंचाई वाटते, पाण्याचा अभाव, पैशाचा अभाव. 'शून्यता' तर मुळीच नको, तो पूर्ण वेगळा शब्द आहे आणि नत्थितेच्या जवळचाही नाही. मी शेवटी साध्या मराठी क्रियापदांनाच अवतरणात टाकते:

'कच्चाना, जगाचा उदय जसा होतो तसा सम्यक प्रज्ञेनं पाहणाऱ्याला जगाविषयी जे "नाही"पण [वाटतं], ते राहत नाही. जगाचा निरोध जसा होतो तसा सम्यक प्रज्ञेनं पाहणाऱ्याला जगाविषयी जे "आहे"पण [वाटतं], ते राहत नाही.'

चौकोनी कंसातला 'वाटतं' माझा आहे, मुळात नाही. अट्ठकथा ज्या दिशेला नेते त्या दिशेचा तो आहे, पण तरी तो मी घातलाय हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे म्हणून कंस ठेवते. आणि 'होत नाही'च्या जागी 'राहत नाही' घेतलं कारण मराठीत 'नाहीपण होत नाही' हे कानाला काहीच सांगत नाही. यात थोडं नुकसान आहे, 'राहत नाही'मध्ये आधी होतं आणि मग गेलं असा वास येतो, तो मुळात तितका नाही. तुमच्या ग्रुपला 'उरत नाही' किंवा 'संभवत नाही' जास्त पटलं तर ते घ्या, फक्त दोन्ही वाक्यांत एकच क्रियापद ठेवा. एकात 'राहत नाही' आणि दुसऱ्यात 'नष्ट होते' असं गोड लागावं म्हणून बदललंत की तो साचा परत मोडला.

आता याच सुत्तात पुढे आणखी तीन खड्डे आहेत, तुम्ही तिथे पोचाल तेव्हा पाय जाईल म्हणून आत्ताच सांगते.

पहिला सोपा. 'न उपेति न उपादियति नाधिट्ठाति अत्ता मेति', म्हणजे 'हा माझा आत्मा' म्हणून तो त्याच्या जवळ जात नाही, ते धरत नाही, त्यावर ठाण मांडत नाही. इथे तिसरा नकार संधीत लपलाय, न + अधिट्ठाति. देवनागरीत छापलेल्या पालीत संस्कृतसारखं अवग्रह बिवग्रह फारसं नसतं, त्यामुळे 'ना'मध्ये काय गिळलं गेलंय ते आपणच ओळखायचं. मी एका ग्रुपवर फिरणाऱ्या फाईलीत 'ना धिट्ठाति' असं तोडलेलं पाहिलंय, आणि खाली अर्थ दिला होता 'धिट्ठाई करत नाही'! नशीब नकार तरी वाचला. ओळखायची युक्ती अशी की आजूबाजूला तो शब्द नकाराशिवाय आलाय का बघायचं, आणि इथे त्याच वाक्यात थोडे शब्द आधी 'चेतसो अधिट्ठानं' बसलेलंच आहे. सुत्तांमध्ये इतकी पुनरुक्ती का असते म्हणून लोक कंटाळतात, पण संधी सोडवताना हीच पुनरुक्ती कामी येते.

दुसरा, 'उभो अन्ते अनुपगम्म'. नवशिका माणूस हा शब्द बघतो आणि त्याला 'अनु' दिसतो, अनुसरणे, अनुगमन, अनुकरण. मग तो लिहितो 'दोन्ही टोकांना अनुसरून तथागत मध्यानं धर्म सांगतात', आणि वाचायला इतकं समतोल वाटतं की कुणाला शंकाही येत नाही. पण हा अन् + उपगम्म आहे, 'जवळ न जाता'. अनु- आणि अन्+उ- दिसायला अगदी एक. अनुपस्सना म्हणजे अनु + पस्सना, बघत राहणं. अनुप्पन्न म्हणजे अन् + उप्पन्न, न उपजलेलं. नियम असा काही नाही जो डोळे मिटून लावता येईल, उरलेला तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहतो का ते बघायचं. 'अनु' काढलं तर इथे 'पगम्म' उरतं, जे काहीच नाही, 'अन्' काढलं तर 'उपगम्म' उरतं, जो रोजचा शब्द आहे. झालं.

तिसरा माझा आवडता, कारण इथे मराठी-संस्कृत येणारा माणूसच जास्त फसतो. 'अपरपच्चया ञाणमेवस्स एत्थ होति'. आपल्याला 'अपर' शब्द माहीत असतो, अपर म्हणजे दुसरा, नंतरचा, अपर जिल्हाधिकारीसुद्धा असतात. तर आपण वाचतो अपर + पच्चय, 'दुसऱ्याच्या आधारानं त्याला ज्ञान होतं'. आणि अर्थ बरोब्बर उलटा! इथे अ- लागलाय पूर्ण 'परपच्चय' या जोडशब्दाला, पर म्हणजे दुसरा, परपच्चय म्हणजे दुसऱ्यावर विसंबणं, आणि अ-परपच्चय म्हणजे दुसऱ्यावर न विसंबता. 'याबाबतीत त्याचं ज्ञान दुसऱ्याच्या भरवशावर नसतं', असं. आधीचे शब्द काय आहेत बघा, 'न कङ्खति न विचिकिच्छति', शंका घेत नाही, डळमळत नाही. जो डळमळत नाही त्याचं ज्ञान उधारीचं कसं असेल? उपसर्ग कुठल्या तुकड्याला लागलाय हे शब्दात दिसत नसेल तेव्हा शेजारच्या शब्दांना विचारायचं.

यावरून एक आठवलं, सुत्त वेगळं आहे पण सांगूनच टाकते. धम्मपदात २१व्या गाथेत 'अप्पमत्ता न मीयन्ति' आहे आणि ५६व्या गाथेत 'अप्पमत्तो अयं गन्धो'. शब्द तोच. पहिल्यात अ + पमत्त, बेसावध नसलेले, जागरूक लोक. दुसऱ्यात अप्प + मत्त, अल्पमात्र, तगर-चंदनाचा हा वास थोडाच आहे. एका विद्यार्थिनीनं मला 'हा गंध सावध आहे' असं लिहून दिलं होतं, आणि कविता म्हणून ते मला आवडलंही. पण इथे नकारच नाहीये. तेव्हा नकार शोधताना नसलेला नकार सापडत नाही ना, हेही बघायला लागतं. तसंच 'नानत्त' बघून न-अन्-अत्त असं फोडू नका, तो नाना + त्त आहे, नानापण, विविधता.

परत कच्चानाकडे. सुत्त संपतं पटिच्चसमुप्पादावर, म्हणजे कारणांतून गोष्टी उपजण्याच्या साखळीवर, 'अविज्जापच्चया सङ्खारा', अविद्येमुळे संस्कार, इथपासून, आणि मग उलट्या क्रमानं 'अविज्जाय त्वेव असेसविरागनिरोधा सङ्खारनिरोधो'. इथे नकारांची जत्राच भरलीय: अ-विज्जा, अ-सेस, वि-राग, नि-रोध. आणि परत तोच मोह, अविद्येचा निरोध म्हणजे विद्या आली, लिहून टाका 'विद्या उत्पन्न झाल्यानं'. नका लिहू. आधी हे बघा की अविज्जा म्हणजे विद्येची नुसती रिकामी जागा असती तर ती कशाचं कारण कशी होईल? रिकाम्या जागेतून संखार कसे निघतील? अविज्जा ही काम करणारी गोष्ट आहे. बौद्ध आचार्य वसुबंधूनं अभिधर्मकोशात यासाठी 'अमित्र' आणि 'अनृत' यांचा दाखला दिलाय. अमित्र म्हणजे जो मित्र नाही तो, असं धरलं तर लक्ष्मी रोडवरून जाणारा प्रत्येक अनोळखी माणूस अमित्र होईल. पण अमित्र म्हणजे शत्रू. मित्राच्या विरुद्ध उभी असलेली एक खरीखुरी वस्तू. तशी विद्येच्या विरुद्ध उभी असलेली अविद्या. म्हणून सूत्र म्हणतं की ती काम करणारी गोष्ट काहीही शिल्लक न राहता थांबली की संखार थांबतात. थांबणं सांगितलंय, तिथे दुसरं काही सुरू झाल्याचं सांगितलेलं नाही, आणि जे सांगितलेलं नाही ते आपण आपल्या पदरचं घालायचं नाही. विद्या उपजते हे दुसऱ्या सुत्तांत येतंच, पण तिथे ते स्पष्ट शब्दांत येतं. असेसचं मी 'निःशेष' न करता 'काही बाकी न ठेवता' करते, ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लगेच लागतं.

तुम्ही म्हणाल मग दोन नकारांचा होकार कधीच होत नाही का? होतो की. 'अनप्पक' म्हणजे अन् + अप्पक, थोडं नसलेलं, आणि अर्थ 'पुष्कळ' असाच. अप्पक हा व्याकरणानं नकार नाही, नुसता कमीपणाचा शब्द आहे, पण मामला तोच. तिथे दोन्ही एकाच शब्दात आहेत आणि थोडं-पुष्कळ यांच्या मध्ये तिसरी जागाही विशेष उरत नाही, म्हणून मराठीत सरळ 'भरपूर' लिहिलं तरी काही बिघडत नाही. म्हणजे प्रश्न नकार किती हा नाहीच, मध्ये तिसरी जागा आहे का, हा आहे. सुख आणि दुःख यांच्या मध्ये आहे, म्हणून अदुक्खमसुखा वेदनेला वेगळं नाव आहे (तो मधला 'म' नुसता संधीसाठी आलाय, त्याचा अर्थ शोधू नका). सञ्ञा आणि असञ्ञा यांच्या मध्येही जागा आहे असं सुत्तं मानतात, म्हणून नेवसञ्ञानासञ्ञायतन, 'धड संज्ञाही नाही, धड असंज्ञाही नाही'. तिथे 'नासञ्ञा' म्हणजे न + असञ्ञा, हे कापून 'सञ्ञा' केलंत तर शब्दाचा अर्धा भाग म्हणेल संज्ञा नाही आणि उरलेला अर्धा म्हणेल आहे. मरणानंतर तथागत असतो, नसतो, असतोही आणि नसतोही, या तिन्हींनंतरचा चौथा पर्याय, 'नेव होति न न होति', असतो असंही नाही नि नसतो असंही नाही, तोही असाच. 'न न होति' कापून 'होति' केलं की चौथा पर्याय गायब आणि त्याच्या जागी 'नसतो आणि असतो' असा तिसऱ्याचाच उलटा प्रकार. बुद्ध चारही पर्याय बाजूला ठेवतात, आपण तीनच ठेवू.

आणि एक तिसरा प्रकार, जिथे नकार नुसता जोरासाठी परत येतो. करणीयमेत्त सुत्तात 'नातिमञ्ञेथ कत्थचि न कञ्चि' आहे, काही प्रतींत 'नं कञ्चि' असा पाठ आहे. 'न कञ्चि' धरलं तर दोन नकार, पण अर्थ 'कुठेही कुणालाही तुच्छ लेखू नये' एवढाच. इथे कुणीच कापाकापी करत नाही कारण आपणही रागावल्यावर 'नाही, नाही म्हणजे नाही' म्हणतोच, तीन नाही मिळून एकच नाही.

आता मी कागदावर कसं करते. सुत्ताचा उतारा डबल स्पेसमध्ये हातानं लिहून घेते, टाईप नाही, कारण हातानं लिहिताना संध्या दिसतात. मग लाल पेन्सिलनं प्रत्येक नकाराला गोल, लपलेल्यालासुद्धा, आणि त्या गोलापासून एक रेघ खाली ओढते ती नकार जेवढ्या भागाला लागतो तेवढ्या लांबीची. नत्थिताच्या खाली छोटी रेघ, बाहेरच्या 'न'ची रेघ 'होति'खाली, दोघी एकमेकींवर चढत नाहीत हे डोळ्यांनाच दिसतं. अपरपच्चयाची रेघ 'परपच्चय'च्या शेवटापर्यंत. मग निळ्या पेन्सिलनं अगदी बेढब मराठी, 'पाहणाऱ्याला जे जगात नाहीपण ते होत नाही', कुणाला दाखवायची लाज वाटेल असं. बेढब मसुद्यात नकार मोजते आणि मुळातल्याइतकेच भरले पाहिजेत. कच्चानाच्या त्या दोन वाक्यांत मुळात तीन आहेत, पहिल्यात दोन, दुसऱ्यात एक. सुंदर मराठी करताना एखादा कमी झाला तर चालतो, पण कुठला आणि का, ते समासात लिहून ठेवते. नकळत गेलेला नकार परत सापडत नाही.

शेवटी जे तयार होतं ते पाली न येणाऱ्या माणसाला वाचून दाखवते आणि फक्त एकच विचारते, यात काय नाकारलंय? 'अर्थ कळला का' असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. ते पोस्टमास्तर काका होते तोवर त्यांनाच विचारायचे. त्यांना मी नवीन मसुदा वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे उगवताना बघितलं तर नाही म्हणता येत नाही, मावळताना बघितलं तर आहे म्हणता येत नाही." मी म्हटलं हो. मग म्हणाले, "आणि मधे काय म्हणायचं?" मी बोट ठेवून पुढची ओळ दाखवली, 'मज्झेन तथागतो धम्मं देसेति', तर ते म्हणाले वाचा पुढे, आणि आम्ही अविज्जापच्चया पासून सुरुवात केली.